हिराचा पांढरा सॉस

अनिताचा लोणावळ्यातला बंगला पाहुण्यांना भाड्याने जातो. शेजारची म्हणून गर्दी असली की मी मदतीला जाते. तिथे अकरा वर्षं राबणारी हिरा चाळिशीची, मावळातल्या खेड्यातली. भाकरी तिची, भाज्या तिच्या. पण बेक्ड व्हेजिटेबल असलं की गॅस सुहासचा. तो पुण्याहून शनिवारी येतो, डोक्यावर पांढरी टोपी. कायमचा स्वयंपाकी कोण, हे अनिता याच महिन्यात ठरवणार होती.

त्या शनिवारी सुहासने पांढऱ्या सॉससाठी बटरमध्ये मैदा नीट परतला, कच्चा वास गेला. मग चहासाठी उकळत असलेलं लिटरभर दूध उचललं आणि एकदम ओतलं. पाहता पाहता गुठळ्याच गुठळ्या.

"मावशी, मैदा चाळला नव्हतास ना?" तो हिरावरच उखडला.

माझ्या कपाळाची शीर तडकली. हिराने मैदा दोनदा चाळलेला मी पाहिला होता.

हिराने एक गुठळी ताटलीत चेपली. आत कोरडा मैदा. "हे बघा. गरम मैद्यावर उकळतं दूध एकदम वतलं, तर वरचं पीठ लगीच शिजतं, आतलं कोरडं ऱ्हातं. चाळणीला कशाला बोल लावता?"

"पिठलं न्हाई हे," सुहास तिचीच नक्कल करत म्हणाला.

हिराने नवं पातेलं घेतलं. शंभर ग्रॅम बटर, तेवढाच मैदा, तोलून. मंद आचेवर परतलं, रंग बदलू दिला नाही. पातेलं खाली उतरवलं. सकाळी तापवून ठेवलेलं, साय काढलेलं लिटरभर कोमट दूध पळीपळीने घातलं. प्रत्येक पळी एकजीव झाल्याशिवाय दुसरी नाही. मग परत मंद आचेवर, हात न थांबवता. सॉस पळीच्या पाठीवर जाड साईसारखा बसला.

भाज्यांवर तो सॉस ओतून भाजलेला ट्रे बाहेर गेला. आणि अनिता पाहुण्यांना काय सांगते? "आमच्या शेफची कमाल." सुहास मान तुकवून हसला. मला गप्प बसवेना. तिला बाजूला घेऊन म्हटलं, "अनिता, सॉस हिराने केलाय."

"अगं वहिनी, पाहुण्यांना शेफ लागतो."

अकरा वर्षांचा हात, आणि मान मात्र टोपीला!

पाहुण्यांनी आणखी एक ट्रे मागितला. अनिता आत आली. "सुहास, कर पटकन."

सुहास हिराकडे बघायला लागला. हिरा भिंतीला टेकून उभी. "हितं स्वयंपाक कोन करतं, ते आदी भायेर सांगा, ताई. मग व्हईल."

"आत्ता? पाहुणे जेवतायत."

"म्हनूनच आत्ता."

अनिताने माझ्याकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही. ती बाहेर गेली. दार उघडंच होतं, म्हणून ऐकू आलं, "सॉस हिराने केला होता. यापुढे आमच्याकडे स्वयंपाकाला हिराच असेल."

हिराने पातेलं गॅसवर ठेवलं. "सुहासभाऊ, बटर तोला. शंभर."