बाबा पासवर्ड विसरले होते

बाबांनी माझ्या लग्नासाठी खातं उघडलं तेव्हा मी पुण्यात नोकरीला होते. आई जाऊन वर्ष झालेलं, आणि निवृत्त झाल्यापासून बाबांना कुठला तरी फॉर्म भरल्याशिवाय दिवस जात नसे. तुळिंजच्या एका वधू-वर मंडळाची वेबसाइट होती. तिच्यावर त्यांनी माझं नाव, उंची, रास सगळं टाकलं, वर मावसबहिणीच्या लग्नातला, गालात जिलबी कोंबलेला माझा फोटो. ईमेलच्या रकान्यात माझा ईमेल, पासवर्ड मात्र त्यांचा. मला कळवायची तसदीही घेतली नाही.

पुढे मी विरारला परत आले, चंदनसारच्या घरी, आणि गोखिवऱ्याच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागले. खाली प्लास्टिकच्या बादल्यांचा कारखाना, वरच्या माळ्यावर आम्ही. आणि नेमकी त्याच मंडळाची साइट आमच्याकडे कामाला आली. मंडळ चालवणाऱ्या मॅडमना ‘जीमेलने आत या’ असं बटण हवं होतं, कारण लोक पासवर्ड विसरतात आणि दिवसभर फोन करून त्यांचं डोकं खातात. काम माझ्या गळ्यात पडलं.

नुसतं बटण लावायला अक्कल लागत नाही. त्या पद्धतीला ओऑथ म्हणतात. माणसाला आपण जीमेलकडे पाठवतो, तिथे तो आपली ओळख पटवतो, आणि जीमेल आपल्याला कळवतं की हा या ईमेलचा खरा मालक, हा त्याचा कधी न बदलणारा क्रमांक. त्याचा जीमेलचा पासवर्ड आपल्याला दिसतसुद्धा नाही. खरी गोची असते ती जुन्या लोकांची. त्याच ईमेलचं खातं आपल्याकडे आधीच असेल तर? नवं उघडलं तर बिचाऱ्याची जुनी स्थळं, जुने निरोप सगळं हरवणार. म्हणून जुन्या खात्यालाच जीमेल जोडायचं. पण ईमेल कोणाचा एवढंच जीमेल सांगतं. आपल्याकडचं खातं मुळात कोणी उघडलं, ते त्याला काय ठाऊक? आमच्या साइटने आजवर कोणाचाही ईमेल तपासलेला नव्हता. पुतणीच्या ईमेलवर काकाने खातं उघडलंय, भाच्याच्या ईमेलवर मामीने, असा सगळा कारभार. जीमेल जोडल्यावरही तो जुना पासवर्ड चालूच राहिला, तर पुतणी पुढच्या दाराने आत येणार आणि काका मागच्या दाराने. तिला पत्ताही लागणार नाही.

मी मॅडमना सरळ सांगितलं, “जोडताना जुना पासवर्ड रद्द करायचा. आणि तो वापरून कोणी आत बसलं असेल तर त्यालाही बाहेर काढायचं.”

“अगं बाई, असं कसं चालेल?” मॅडम म्हणाल्या. “उमेदवार मुलं असतात, पण गिऱ्हाईक आईबापच. त्यांना बाहेर काढलंस तर मंडळाला टाळं लागेल माझ्या.”

मी भांडले. आमच्या साहेबांनी मला खुणेने गप्प बसवलं, आणि जुने पासवर्ड तसेच राहिले.

बटण तयार झाल्यावर मी ते माझ्याच ईमेलवर तपासलं. समोर आलं, ‘आपले खाते आधीपासून आहे. जीमेल जोडले आहे.’ आणि खाली जिलबीचा फोटो. ऑफिसात सगळे पोट धरून हसले. मी संध्याकाळी घरी जाऊन बाबांना झापलं.

“निदान विचारायचं तरी! आणि पासवर्ड काय ठेवलाय?”

“छे गं बाय, तो मी केव्हाच विसरलो,” बाबा म्हणाले. “आता तूच बघ तुझं.”

माझ्या एका खात्याचा पासवर्ड काढून टाकणं म्हणजे चहा गाळण्याएवढं काम होतं. केलं नाही. जो माणूस स्वतःच विसरलो म्हणतो, त्याच्यासाठी दाराला कडी कशाला लावायची? आणि ते माझे बाबा होते हो. आई गेल्यावर माझ्या डब्यात लोणचं वेगळ्या कागदात गुंडाळून देणारे बाबा.

फोटो बदलला, आणि मग मी खरंच त्या साइटवर जायला लागले. तिथेच तो भेटला. कुडाळच्या एका कॉलेजात शेतीचा विषय शिकवायचा. पहिल्याच निरोपात त्याने विचारलं होतं, “विरारला अजून कुठे माती शिल्लक आहे का?” मी लिहिलं, “आहे, पण तिच्यावर बिल्डरचा बोर्ड आहे.” तिथून जे सुरू झालं ते सुरूच. दोन्ही घरांनी होकार दिल्याशिवाय फोन नंबर द्यायचे नाहीत, असा मॅडमचा नियम होता, त्यामुळे आमचं सगळं बोलणं साइटवरच. मला ते आवडायचंही. मी जे कोणाला बोलले नव्हते ते त्याला लिहिलं. आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल लिहिलं. कुडाळला यायची तयारी आहे, हेही लिहिलं. “बाबांना एकटं टाकून येववणार नाही असं वाटायचं. पण ते जमवतील आपलं.” तो दिवाळीच्या सुट्टीत येऊन बाबांना भेटणार होता. पस्तिशीच्या बाईने असं मोहरून जाऊ नये म्हणतात. मी गेले होते.

मधूनमधून एक विचित्र गोष्ट व्हायची. त्याचा नवा निरोप मी उघडण्याआधीच ‘वाचला’ असा दिसायचा. मला वाटलं, आमच्याच कामात काही चूक राहिलीय. एक अख्खी दुपार मी ती चूक शोधली. सापडली नाही. सापडणार कशी, चूक नव्हतीच.

आणि दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी त्या निरोपांच्या जागी एकच ओळ आली. ‘हा संवाद बंद झाला आहे. आपल्याला शुभेच्छा.’ ती ओळ साइटसाठी मीच लिहिलेली होती. दोघांपैकी कोणीही ‘नकार’ दाबला की दोघांनाही तीच दिसे. बंद कोणी केला हे मी मुद्दाम लिहिलं नव्हतं, कोणाच्या मनाला लागू नये म्हणून. मला लागायचं तेवढं लागलं. एक शब्द नाही, कारण नाही! मी त्याला मनातल्या मनात नाही नाही ते बोलले. भित्रा, लबाड, गोडबोल्या. नाव-गाव माहीत होतं, शोधून फोन करता आला असता. पण कोणाच्या दारात जाऊन ‘मला नाही का म्हणालात’ असं विचारणारी मी नव्हे.

बाबांनी त्या दिवशी स्वतः चहा केला. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, “जाऊ दे बाय. माणूसच आतल्या गाठीचा निघाला.” मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. हे आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो.

होळीच्या सुमारास एका मुलीने मंडळात फोन करून गोंधळ घातला. ती जीमेलने आत यायची, आणि तिच्या नावाने तिची आत्या जुन्या पासवर्डने मुलांना उत्तरं द्यायची. मुलगी पोलिसात जाते म्हणाली. मग मात्र मॅडमची तंतरली. आमच्या ऑफिसात येऊन त्या म्हणाल्या, “तू म्हणत होतीस तसं कर बाई.” मी त्यांना चार गोष्टी सुनावल्या. घरचेच असे निघाले तर पोरीने जायचं कुठे, आपलेच दात आपलेच ओठ, वगैरे. फार तोऱ्यात होते मी.

शनिवारी साइटवर बदल चढवला. जीमेल जोडलेलं आहे आणि ईमेल कधी तपासलेला नाही, अशा सगळ्या खात्यांचे जुने पासवर्ड रद्द. आत जे कोणी होते ते बाहेर. ज्याला पासवर्ड हवाच असेल त्याने नवा मागावा, त्याचा दुवा खात्याच्या ईमेलवर जाईल, म्हणजे खऱ्या मालकाकडेच.

रविवारी सकाळी मी ओट्याशी बोंबील साफ करत होते. बाबा बाहेरच्या खोलीत मोबाइल घेऊन बसलेले. शेजारी ठेवलेला माझा फोन वाजला. मंडळाचा मेल होता, ‘आपण नवीन पासवर्डची विनंती केली आहे.’ मी तर काही केलं नव्हतं. कोण मेला माझ्या खात्यात शिरतोय, म्हणून मी हात पुसायला लागले, तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

“बाय, तुमची ती साइट बिघडलीय का गं? कालपासून पासवर्ड चुकीचा सांगते. आता मेल पाठवलाय म्हणते, तो कुठे येतो?”

थाप मारणाऱ्याला आपली थाप लक्षात ठेवावी लागते. बाबा तेवढे सराईत नव्हते.

मी तशीच, मासळीच्या हातांनी, बाहेर गेले. “तुम्ही तर पासवर्ड विसरला होतात.”

 बाबांनी चष्मा काढला.

“बाबा, माझे निरोप वाचत होतात?”

“खातं मीच उघडलं होतं ना. बापाने बघायचं नाही तर कोणी बघायचं?”

“आणि कुडाळचा संवाद? तो कोणी बंद केला?”

“बटण होतं तिथे,” बाबा म्हणाले. मग एकदम आवाज चढवून, “ते जमवतील आपलं! असं लिहिलंस तू एका परक्या माणसाला. काय जमवणार होतो गं मी? भिंतींशी बोलणार होतो?”

मला ओरडायचं होतं. पाच महिने मी त्या माणसाला शिव्या दिल्या, आणि त्याच्या घरी माझ्या नावाने नकार गेला होता. ज्याच्या खांद्यावर मी रडले, त्याच माणसाने ते केलं होतं. कुंपणाने शेत खाल्लं म्हणतात ते हे.  पण मी आत जाऊन बोंबील नळाखाली धुवायला लागले, आणि धुतच राहिले.

सोमवारी मॅडमना विचारून त्याचं खातं बघितलं. ‘विवाह ठरला’ म्हणून त्याने ते बंद करून घेतलं होतं. तो तरी कोणासाठी आणि किती थांबणार? त्यालाही वाटलं असेल, गोडबोली निघाली.

आम्ही आजही एकाच घरात राहतो. जेवतो, भाजी आणतो, लाइट बिल भरतो. लोणचं अजूनही वेगळ्या कागदात येतं. मी ते खाते, पण मनात जे तुटलं ते तुटलंच.

परवा बाबा पेन्शनच्या साइटचं काम घेऊन आले. नेहमीसारखा मोबाइल माझ्या हातात दिला आणि पासवर्ड सांगायला लागले. सगळे पासवर्ड ते मला कायम तोंडीच सांगत आलेत. मी मोबाइल परत त्यांच्या हातात ठेवला आणि खिडकीकडे तोंड केलं.

“तुम्हीच टाका. मी बघत नाही.”

“असं काय करतेस गं बाय?” बाबा म्हणाले. “तुझ्यापासून मला काय लपवायचंय?”

मी खिडकीतून खाली बघत राहिले. मागे बाबा एकेक अक्षर पुटपुटत, हळूहळू टाकत होते.