बारा माणसांची हवा

शाळा अर्धवट सोडून मी कलकत्त्याच्या एका थिएटरात थंड हवेच्या यंत्रावर लागलो. प्रत्येक खेळाआधी तिकीटबाबूंना गर्दी विचारायची आणि त्या मानाने बाहेरच्या हवेची झडप उघडायची, हे माझं काम.

एका पावसाळी दुपारी बाबू ऐटीत म्हणाले, "हाउसफुल्ल!" मी झडप सताड उघडली. आत नऊशे खुर्च्या आणि माणसं बारा! तेवढ्यांच्या उबेनं हॉल तापेना, म्हणून गारव्याचं यंत्र आपोआप थांबे आणि पंखे बाहेरची दमट हवा तशीच आत ढकलत. खुर्च्या चिकट झाल्या, शेंगदाणे मऊ पडले, प्रेक्षक भांडायला आले. नोकरी गेलीच, म्हणून मी कपाळ पुसू लागलो.

यंत्रावरचे माझे वरिष्ठ मिस्त्रीदादा आले आणि त्यांनी झडप जवळजवळ मिटली. "नऊशेंच्या घामाची तयारी केलीस, आणि घाम फुटलाय एकट्या तुला!"

त्यांनी मला ठेवून घेतलं. पुढे मी बाबूंना न विचारता पडद्याआडून स्वतःच डोकी मोजू लागलो, तेव्हा बाबू महिनाभर रुसले होते.