जोडीवरचा एक व्होल्ट

शिक्रापुरातल्या वर्कशॉपात मी आन् माझा सहकारी, आम्ही दोघं कारखान्यांचे बिघडलेले कंट्रोल बोर्ड दुरुस्त करायचो. एकाचा बोर्ड दुसऱ्यानं तपासल्याशिवाय बाहेर जायचा नाही, असा मालकांचा नियम होता. कौतुक मात्र कायम त्याचंच व्हायचं, आन् माझा जीव जळायचा.

एकदा त्यानं व्हॉल्व उघडणाऱ्या कॉइलसाठी दोन ट्रान्झिस्टरची, म्हणजे स्विचसारख्या पुर्ज्यांची, जोडी लावली. पहिला दुसऱ्याच्या बेसला, म्हणजे त्याला चालू करणाऱ्या पायाला, करंट देतो, त्यामुळं सेन्सरच्या इवल्याशा करंटवर मोठी कॉइल चालते. मी चालू जोडीवर मीटर लावला, तर जवळपास एक व्होल्ट! पुरत्या ऑन झालेल्या एकट्या ट्रान्झिस्टरवर फार तर पॉइंट दोन-तीन व्होल्ट दिसतात. मी मालकांना ऐकू जाईल असं ओरडलो, "पुरता ऑन होत न्हाई. बाद हाय!"

तो शांतपणे म्हणाला, "दोघांचे कलेक्टर, म्हंजी कॉइलकडचे पाय, एकत्र हायत. दुसऱ्याच्या बेसला पॉइंट सात लागतात, वर पहिल्याचा थोडा ड्रॉप. त्याच्याखाली जोडी उतरतच न्हाई. सप्लायच्या बारा व्होल्टातला एक गेला तरी कॉइलला अकरा पुरतात. बघ."

त्यानं बोर्डाला व्हॉल्व जोडला, तो टक्कन उघडला. मालकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

तो चुकला असता, तर त्याला मी केव्हाच माफ केलं असतं.