दोनशे सत्त्याण्णव ओळी

माझ्या मावशीला हॉस्पिटलात सगळे मोजणीबाई म्हणायचे. औषधांच्या भांडारात चौतीस वर्षं तिने एकच काम केलं: कपाटासमोर उभं राहून बाटल्या मोजणं. वहीत साठ लिहिलंय म्हणून कपाटात साठ असतील, यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. एकदा मोठ्या डॉक्टरांनी तिला म्हटलं, "बाई, वहीत आहे ना, मग सही करा." ती म्हणाली, "वहीतलं औषध पेशंटला देता येत नाही, डॉक्टर." ती सही तिने मोजूनच केली. डॉक्टर तोवर बाकावर बसून राहिले.

अशा बाईला मी न मोजता कागद दिला. मी, तिची सख्खी भाची.

मी एका गुंतवणूक सल्लागाराच्या ऑफिसात काम करते. निवृत्त होणारी माणसं येतात, त्यांच्या फंडातून दरमहा ठरावीक रक्कम काढली तर ती तीस वर्षं पुरेल का, याचा तक्ता आम्ही छापून देतो. मावशी साठीला आली, फंड आमच्याकडेच होता, तक्ता मीच काढला. महिन्याचा खर्च बावीस हजार, दरवर्षी महागाई सहा टक्के, फंडाची वाढ आठ टक्के. खाली हिरव्या अक्षरांत आलं: तीस वर्षं पुरेल. मावशीने तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि हॉस्पिटलने देऊ केलेली तीन वर्षांची मुदतवाढ नाकारली. गुडघे तिचे कामातून गेले होते. भांडाराच्या सिमेंटच्या फरशीवर चौतीस वर्षं उभं राहून दुसरं काय होणार? "आता मी आणि आई, दोघी आरामात राहू," म्हणाली. आई म्हणजे माझी आजी, वय सत्त्याऐंशी.

नकार मागे घ्यायची मुदत शनिवारी दुपारी बारापर्यंत होती. हे आम्ही दोघीही विसरून गेलो होतो, कारण लक्षात ठेवायची गरजच वाटली नव्हती.

सोमवारी तिचा फोन आला. "वर्षाला आठ टक्के म्हणजे महिन्याला किती गं?" मी सांगितलं, शेकडा शून्य पॉइंट सहा चार तीन चार. वाटलं, रिकामपणाचा उद्योग आहे. शुक्रवारी सकाळी ती आजीला घेऊन ऑफिसात हजर. आजीला घरी एकटं ठेवत नाही ती. हातात भांडाराची जुनी लांब वही, शिलकीच्या रकान्यांची.

तिने वही माझ्यासमोर ठेवली. एक ओळ एका महिन्याची. सुरुवातीची शिल्लक, काढलेली रक्कम, उरलेल्यावर वाढ, अखेरची शिल्लक. दर बारा ओळींनंतर काढायची रक्कम सहा टक्क्यांनी वाढवलेली. पाच दिवस, एक कॅल्क्युलेटर आणि दोनशे सत्त्याण्णव ओळी. त्याच्या पुढच्या ओळीत शिल्लक पुरत नव्हती. तिथे तिने लाल रेघ मारली होती.

"चोवीस वर्षं नऊ महिने," ती म्हणाली. "तुझ्या कागदात तीस. मी कुठे चुकले ते दाखव."

मी पहिली ओळ पाहिली. तिथे एक्कावन्न लाख होते. माझ्या तक्त्यात साठ.

साठ हा अंदाज होता. दोन वर्षांपूर्वी, बाजार चढा असताना, 'निवृत्तीच्या दिवशी फंड एवढा होईल' म्हणून मांडलेला. बाजार खाली आला, फंड एक्कावन्नावर राहिला, स्टेटमेंट तिच्या घरी पोचलं. पण तक्त्याचा प्रोग्राम आपणहून जुना अंदाजच उचलतो. आजची खरी रक्कम हाताने भरावी लागते. मी भरली नाही. का नाही भरली? कारण कामाला लागले त्याच आठवड्यात साहेबांनी सांगितलं होतं, "अंदाजच राहू दे. खरा आकडा बघून लोक घाबरतात." मी मान डोलावली होती. नंदीबैल!

हे सगळं मी मावशीला सांगितलं. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तू मोजलं नाहीस." आणि तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेली. आम्ही दोघी मागोमाग.

साहेबांनी वही चाळली, हसले. "मावशी, कमाल आहे तुमची! पण एवढं मनावर कशाला घेता? बाजार वर जाईलच की."

"जाईल तेव्हा वाढलेलं मोजीन. आज किती आहेत?"

"आज... एक्कावन्न."

"मग कागदावर साठ का?"

साहेबांनी पाण्याचा ग्लास सरकवला. "हे बघा, चोवीस वर्षं नऊ महिने म्हणजे तुम्ही पंच्याऐंशीच्या घरात. त्यानंतर माणसाला लागतंच किती? आणि खरं सांगायचं तर त्यानंतर राहतंय कोण?"

कोपऱ्यातल्या खुर्चीत आजी पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

"मी राहिलेय ना!" आजी म्हणाली. "सत्त्याऐंशी पूर्ण. सकाळी दोन फेऱ्या मारून आलेय. आता काय करू, तुमच्या तक्त्यासाठी उठून जाऊ?"

साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं. पण मला हसू आलं नाही, संताप आला. या माणसाचा पगार, माझाही पगार, मावशीसारख्यांच्या फंडावरच्या फीतून निघतो. तो दर महिन्याला खऱ्या रकमेवर निघतो, अंदाजावर नाही! स्वतःचं घेताना मोजून, दुसऱ्याचं सांगताना हवेत. जनाची नाही तर मनाची तरी?

मी तिथेच तक्ता उघडला, एक्कावन्न भरले. चोवीस वर्षं नऊ महिने. तीस वर्षं पुरवायचे तर महिना जेमतेम एकोणीस हजार. बावीसमधून तीन हजार काढायचे कुठून? आजीच्या औषधांतून? मग मी मुदतवाढीची तीन वर्षं घालून पाहिली. तोवर फंडाला हात लावायचा नाही, पगारातून थोडी भर घालायची. तेव्हा कुठे पैसे मावशीच्या नव्वदीपर्यंत पोचले.

मावशीने आकडा पाहिला, मग स्वतःचे गुडघे पाहिले. "उद्या बारापर्यंत ना?" तिने विचारलं.

शनिवारी साडेदहाला तिने नकार मागे घेतला. रांगेत मी सोबत होते. सही करण्याआधी तिने अर्जाची पानं मोजली.

बाहेर आल्यावर म्हणाली, "तुमच्या ऑफिसात असे कागद किती जणांना दिलेत?"

"तीनशे बारा."

"त्यातले खरी रक्कम भरून किती?"



तेव्हापासून मी रोज साहेब जेवायला गेले की फाइली काढते. स्टेटमेंट शोधते, आजची रक्कम भरते, जे उत्तर येईल ते त्या माणसाला फोन करून सांगते. आज एक्केचाळिसावी फाइल झाली. काल एक गृहस्थ फोनवर म्हणाले, "पण मुली, मी तर गेल्याच महिन्यात नोकरी सोडली." त्यांच्यासाठी कुठलाही शनिवार उरलेला नव्हता.

मावशी त्या सोमवारपासून पुन्हा फरशीवर उभी आहे.