अख्खी भाकर म्हणजे हुकूम

मागच्या उन्हाळ्यात भोकरदनला एका लग्नात जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारी एक पोरगा बसला होता. गप्पांत त्याच्या आजोबांचा विषय निघाला. "आमचे आजोबा सर्व्हिस मोटार, म्हणजे तेव्हाची बस, चालवायचे," तो हसत म्हणाला. "पुलावर बंदीची पाटी लावलेली असताना मोटार घातली आणि पाडली. तेव्हापासून आमच्या घरात कुणाला आंधळेपणानं काही करताना पाहिलं की म्हणतात, आजोबावर गेला." पंगत हसली. माझ्या पानातला भात तसाच राहिला. त्याचा आजोबा कोण, हे मला दोन वाक्यांतच कळलं होतं. मी हात धुवायला उठलो आणि मांडवाबाहेर जाऊन उभा राहिलो.

त्या दिवसापासून मला स्वस्थ बसवत नाही. मुलाच्या गाडीतून कुठं निघालो की डोळे रस्त्याकडेच्या पाट्यांवर जातात. लाल काठाचा त्रिकोण दिसला की पुढं वळण आहे, शाळा आहे, सांभाळ. लाल काठाचं वर्तुळ दिसलं की हे करू नकोस. आता निळी गोल पाटीही असते, ती सांगते की हेच कर. आणि चौकोनी पाटी म्हणजे नुसती माहिती, गाव किती लांब, दवाखाना कुठं. सून विचारते, "बाबा, तोंडातल्या तोंडात काय म्हणताय?" मी म्हणतो, काही नाही.

निजामाच्या राज्यातली शेवटची काही वर्षं होती. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका. मी तामीरात, म्हणजे सरकारी बांधकामाच्या खात्यात, सडकेवर नवा मिस्त्री होतो. मिसरूड फुटून फार दिवस झाले नव्हते. मोटारी थोड्या होत्या, पण वाढत होत्या, म्हणून हैदराबादहून पाट्यांच्या नमुन्यांचा एक तक्ता आला होता. तो मी पाठ केला होता. त्रिकोण धोक्याचा, गोल हुकमाचा, चौकोन माहितीचा. लाल रंग पहिल्या दोघांचा. चौकोनाला लाल लावायचा नाही. वरिष्ठांनी मला सांगितलं की हे मोटारवाल्यांना शिकव, कारण त्यातल्या बहुतेकांना अक्षर येत नाही आणि पाटीवरचं लिहिणं उर्दूत.

लग्नातल्या त्या पोराचे आजोबा जालना-भोकरदन मोटार चालवत; सगळे त्यांना मामा म्हणत. मोटार एका मारवाडी शेठची. मामा पूर्वी शेठच्या कापसाच्या जिनिंगवर बैल हाकत आणि तिथूनच मोटारीवर आले. माझ्यापेक्षा वयानं पुष्कळ मोठे, पण मला मिस्त्री म्हणत आणि मानानं वागवत. तक्ता त्यांच्यापुढं धरला तर ते म्हणाले, "कागद माझ्या ध्यानात राहत न्हाई, मिस्त्री. काहीतरी खायचं सांगा."

मोटारीच्या बॉनेटवर त्यांचं फडकं सोडलेलं होतं. मी त्यातली ज्वारीची भाकरी उचलली. म्हटलं, ही अख्खी भाकर म्हणजे हुकूम. सरकारनं सांगितलं, तुमचं डोकं चालवायचं नाही. मग तिचा चतकोर मोडून दाखवला. हा तीन कोपऱ्यांचा चतकोर म्हणजे सांभाळ, पुढं धोका आहे, पण जायचं कसं ते तुम्ही बघा.

"अन् चौकोन?"

"बसायचा पाट. पाहुण्याला पाट देतात तसा. माहिती घ्या अन् जा."

"अन् लाल?"

"लाल काठ दिसला की ब्रेकवर पाय. लाल नसेल तर घाई नाही."

मामांनी चतकोर माझ्या हातातून घेऊन तोंडात टाकला आणि म्हणाले, "धोका खाल्ला." त्यानंतर मोटार भेटली की ते खिडकीतून ओरडत, "मिस्त्री, आज चतकोर दोन लागले, अख्खी एकबी न्हाई." प्रवाशांना वाटे, मामांना घरी जेवायला कमी पडतं.

मग महायुद्धामुळं पत्रा मिळेनासा झाला. आम्ही रॉकेलचे डबे चिरून, ठोकून सपाट करू लागलो. डब्याचा पत्रा मुळातच चौकोनी. त्यातून गोल कापला तर चारी कोपरे वाया जातात आणि कातरकाम करणारा कुरकुरतो. तेवढ्यात मोठ्या साहेबांचा दौरा ठरला. सडक सजवायची होती. झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे द्यायचे, मैलाचे दगड धुवायचे. तांबडा रंग गोदामात भरपूर पडला होता. मी सगळ्या पाट्या चौकोनीच कापून घेतल्या आणि सगळ्यांना लाल काठ दिला. गावाच्या नावाला, डाकबंगल्याच्या दिशेला, वाटेवरच्या पाण्याच्या हौदालासुद्धा. साहेबांनी मोटारीतून उतरून कौतुक केलं. "सडक को दुल्हन बना दिया," म्हणाले. आमच्या ओव्हरसियरनं माझ्या पाठीवर हात ठेवला. तक्ता मला पाठ होता. पाठीवरचा हात जास्त गोड लागला.

पहिले काही दिवस मामा प्रत्येक पाटीपाशी मोटार हळू करत. खाली उतरून कुणाला तरी विचारत. हौद निघे, गाव निघे. शेवटी एकदा मला म्हणाले, "मिस्त्री, पाटाला लाल कशाला लावून राह्यले? मी थांबून थांबून बेजार झालो. शेठ म्हणतो, मोटार उशिरा का येती." मी हसून सांगितलं की साहेबांना आवडतं, तुम्ही चौकोनाकडं लक्ष देऊ नका. हे वाक्य मीच म्हणालो.

पावसाळ्यात भोकरदनच्या अलीकडच्या एका नाल्यावरच्या पुलाची एक कड पाण्यानं पोखरली. बैलगाड्या जाऊ शकत होत्या, मोटारीचं ओझं पेलणार नव्हतं. मोटारींनी खालून, नाल्यातल्या कच्च्या वाटेनं जायचं असं ठरलं. बैलगाड्या चालू ठेवायच्या म्हणून पूल दगड लावून बंद करता येत नव्हता. सगळी भिस्त पाटीवर. मला दोन्ही टोकांना बंदीची पाटी लावायला सांगितलं. गोल पत्रा हवा होता. गोदामात डांबराच्या पिंपांची झाकणं पडली होती, आयती गोल. पण ती सामानाच्या थप्पीखाली होती आणि आभाळ भरून आलं होतं. दोन चौकोनी पाट्या हाताशी होत्या. त्यांच्यावर बंदी लिहून घेतली, लाल काठ होताच. संध्याकाळी दोन्हीकडं त्या ठोकून मी घरी गेलो.

सकाळी भोकरदनहून पहिली मोटार मामांची; ते तिथंच मुक्कामाला होते, पुलाचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी लाल काठाचा आणखी एक चौकोन पाहिला आणि लक्ष दिलं नाही. पुलाची कड बसली, मागचं चाक खाली गेलं आणि मोटार कठड्यावर कलंडली. नाल्यात पडली नाही, हे नशीब. एका म्हाताऱ्या प्रवाशाचा हात मोडला. बाकीच्यांना खरचटलं.

मी पोचलो तेव्हा मामा त्या म्हाताऱ्याचा हात आपल्या फडक्यानं गळ्यात बांधत होते. माझ्याकडं बघितलं, मग पाटीकडं.  ओव्हरसियर मला बाजूला घेऊन म्हणाले, "गोल लावून टाक, जल्दी." दुपारच्या आत पिंपाची झाकणं लाल रंगवून दोन्ही टोकांना लागली. चौकोनी पत्रे मी स्वतः उपटले.

चौकशी पुलावरच झाली. बाहेरगावचे साहेब आले, शेठ आले, मामांना पोलिसानं आणलं. परवाना राहतो की जातो, एवढाच प्रश्न होता. मामांचं सगळं घर त्या परवान्यावर चालत होतं. साहेबांनी गोल पाटीवर छडी टेकून विचारलं की एवढा मोठा लाल गोळा दिसला नाही का.

मामा म्हणाले, "साहेब, अख्खी भाकर दिसली असती तर मी जागीच थांबलो असतो. तवा इथं पाट होता. लाल काठाचा पाट तर हौदालाबी हाय."

साहेबांना वाटलं, माणूस घाबरून बरळतोय. शेठ खाली बघून हसले. पोलीस मोठ्यानं हसला. त्या सगळ्यांत त्या बोलण्याचा अर्थ एकट्या मला कळत होता. साहेबांनी छडी त्या गोल पाटीवरच ठेवून मला विचारलं, "यही तख्ती थी?"

मी म्हणालो, "जी."

मामांनी मान वर केली नाही. परवाना गेला. शेठनं मोटार दुसऱ्याला दिली.

नंतर मी त्यांना आमच्या सडकेच्या टोळीत कामाला लावलं. लोकांनी मला भला माणूस म्हटलं. दरसाल पाट्यांना रंग द्यायची वेळ आली की मामा डबा घेऊन माझ्यापुढं उभे राहत आणि प्रत्येक चौकोनापाशी विचारत, "मिस्त्री, याला लाल लावू का?" आवाजात ना राग ना टोमणा. मी म्हणे, नको. पुढच्या चौकोनापाशी पुन्हा तेच. मी त्या दिवसांत काही ना काही निमित्त काढून दुसऱ्या सडकेवर जाऊ लागलो.

निजामाचं राज्य गेलं, अंमलदार बदलले. तेव्हा मामा एकदा आमच्या घरी आले. आई जेवायला वाढत होती. ते म्हणाले की नवे साहेब परवान्याचं ऐकून घेतात, तुम्ही फक्त एवढं सांगा की तिथं चौकोन होता. मी म्हणालो की जुनं उकरून काय मिळणार. त्यांनी ताटातली भाकरी उचलली आणि माझ्यापुढं धरली.

"हे काय हाय, मिस्त्री?"

"हुकूम," मी म्हणालो.

"मंग चला."

मी म्हणालो, "बघू."

ते भाकरी न मोडता ताटात ठेवून उठले. परत कधी विचारायला आले नाहीत. पाट्यांपाशी विचारणंही त्यांनी बंद केलं. कुठं लाल लावायचं, कुठं नाही, ते आपल्या मनानं लावत गेले आणि एकदाही चुकले नाहीत. मोटारीवर मात्र पुन्हा बसले नाहीत.

म्हणून हे लिहून ठेवतो. त्या सकाळी पुलावर गोल पाटी नव्हती. चौकोन होता, त्याला लाल काठ मी दिला होता आणि चौकोनाकडं लक्ष देऊ नका असंही मीच सांगितलं होतं. मामांनी माझं ऐकलं. ते आंधळे नव्हते.

हे त्यांच्या नातवाला स्वतः वाचून दाखवायचं आहे. तो काय म्हणेल ठाऊक नाही. मुलाला गाडी काढायला सांगितली तर तो म्हणाला, "बाबा, ऊन फार आहे, पुढच्या आठवड्यात बघू." मी चपला घालून दारात बसलो आहे. म्हटलं, आजच. ते 'बघू' माझं एकदा म्हणून झालं आहे.