तीन महिन्यांचा गजरा

शालनबाईंच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते आणि नवऱ्याचा चिंचवडात फोटो स्टुडिओ. नवरा फोटो काढी आणि शालनबाई निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवून गिऱ्हाइकांचे वण, सुरकुत्या बुजवत. स्वतःचे तेवढे राहिले, कारण आरशावर पेन्सिल चालत नाही.

१९५४ साली पुनावळ्याच्या मंजुळाबाई एका दवाखान्याचं पत्रक घेऊन आल्या. त्यावर एकाच बाईचे दोन फोटो होते, ‘उपचारापूर्वी’ आणि ‘तीन महिन्यांनी’.

“पोरीला न्यावं म्हन्ते. बघा, वण गेलं का न्हाई?”

शालनबाई पत्रकावर वाकल्या. “पहिल्यात दिवा बाजूला धरलाय, म्हणून खड्ड्याखड्ड्यात सावली पडलीय. मानही खाली घातलीय. दुसऱ्यात उजेड समोरून आणि हनुवटी वर. उरलंसुरलं माझ्यासारख्याच कुणीतरी पेन्सिलीनं बुजवलंय.”

“म्हंजी औषध खोटंच?”

“छे, छे! हिच्या केसातला गजरा बघा. पहिल्या फोटोत कानावर लोंबणारी कळी दुसऱ्यातही तिथंच लोंबतेय. तीन महिने झाले, गजरा सुकला नाही! औषध जालीमच आहे हो. फक्त चेहऱ्याऐवजी गजऱ्याला लागू पडलं.”