पुतळीची चूल आणि देऊची विडी

बारवी धरणाकडच्या ठाकरवाडीत पुतळीच्या तोंडाला कुणी लागत नसे, तिचा नवरा देऊ तर नाहीच. सरकारी योजनेत बिनधुराची चूल मिळते म्हटल्यावर तिने वाडीत सगळ्यांच्या आधी ती बसवून घेतली. धूर पाइपातून थेट छपराबाहेर. त्याच दमात तिने देऊची विडीही घराबाहेर हाकलली.

देऊने छपराचे बांबू त्याच हिवाळ्यात, ही चूल यायच्या आधी, बदलले होते. ओल्या बांबूतला गोडवा निघून जावा म्हणून बांबू महिनाभर ओढ्यात बुडवून ठेवावा लागतो, नाहीतर त्याला भुंगा लागतो. पण देऊ एक नंबरचा आळशी. चार दिवसांत बांबू बाहेर काढून म्हणाला, "बाकीचं चुलीचा धूर बघंल."

आता धूर तर पाइपातून पळाला होता. उन्हाळ्यात वासे कुरकुरायला लागले आणि भाकरीवर पिवळा भुसा पडू लागला. पुतळीने आधी भुंग्याला शिव्या घातल्या, मग देऊला, मग सरकारला. शेवटी पाइप उपटून फेकला आणि देऊला नवे बांबू घेऊन ओढ्यावर धाडलं. महिना भरेपर्यंत त्यांना हात लावू दिला नाही.

पोखरलेले वासे उतरले, नवे चढले, पेंढा बसला, घरात पुन्हा धूर कोंडला. देऊने खुशीत आतच विडी पेटवली. "तेवढीच वाशांना मदत."

पुतळीने फुंकणी उगारली. "ऊठ, हो बाहेर! वाशांचं चूल बघंल. आन तुला कशाला रं धूर? तुझ्यात गोडवा हाय कुठं? तुला भुंगापण लागायचा नाय!"